सिम बंद होण्याचा मेसेज, दहा रुपये आणि फोनमध्ये आलेलं ॲप

प्रश्न: बाबांना (वय ६८) काल मेसेज आला की तुमच्या सिमकार्डची केवायसी संपली आहे, २४ तासांत सिम बंद होईल, या नंबरवर फोन करा. त्यांनी केला. समोरच्याने एक ॲप घ्यायला लावलं आणि दहा रुपये भरायला सांगितले. तेवढ्यात मी घरी आले आणि फोन कट केला. ॲपही लगेच काढून टाकलं. दहा रुपये गेले, बाकी पैसे जागेवर आहेत. आता आणखी काही करायला हवं का? आणि सिम खरंच बंद होईल का?

उत्तर:

करायला हवं, आणि आजच, शक्य असेल तर हे वाचता वाचताच. मी बँकेच्या फसवणूक तक्रार विभागात काम करते. आमच्याकडे येणाऱ्या अशा तक्रारींत सगळ्यात त्रास देणारं वाक्य म्हणजे ‘तेव्हा फक्त दहाच रुपये गेले होते’. ते दहा रुपये त्यांना नकोच असतात. ते भरताना बाबांनी जे टाइप केलं आणि फोनमध्ये जे आलं, ते त्यांना हवं असतं. मोठी रक्कम त्याच कॉलवर जाते असंही नाही. रात्री जाते, दुसऱ्या दिवशी जाते, पेन्शन जमा झाल्यावर जाते.

सिमचं काय होईल ते शेवटी सांगते, कारण त्यात घाई नाही. घाई या पुढच्या गोष्टींत आहे.

बाबांचा फोन विमान मोडवर टाका, वायफाय बंद आहे ना ते बघा आणि सिम काढून घ्या. ते सिम घरातल्या दुसऱ्या, स्वच्छ फोनमध्ये घाला. खराब असतं ते फोनमधलं ॲप. सिमला काही होत नाही, त्यामुळे ते हलवायला हरकत नाही. एवढ्याने बँकेचे ओटीपी त्या संशयित फोनवर येणं थांबतं. मग त्या स्वच्छ फोनवरून बँकेला फोन लावा. नंबर एटीएम कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो, तोच घ्या. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ असं शोधून मिळालेला नंबर घेऊ नका. तिथेही हीच मंडळी आपले नंबर पेरून ठेवतात.

बँकेला चार गोष्टी सांगायच्या: डेबिट कार्ड ब्लॉक करा, नेट बँकिंग आणि मोबाइल बँकिंग बंद करा, यूपीआय बंद करा, आणि मुदत ठेवी ऑनलाइन मोडण्याची किंवा त्यांवर ऑनलाइन कर्ज घेण्याची सोय थांबवा. चौथी गोष्ट बहुतेक लोक विसरतात. निवृत्त माणसाच्या बचत खात्यात फारसे पैसे नसतात, सगळं ठेवीत असतं. नेट बँकिंग हातात आलं की ठेव मोडून पैसे बचत खात्यात आणायला काही मिनिटं पुरतात. फोनवरच्या माणसाला ही चौथी मागणी पूर्ण करता येत नसेल, तर शाखा उघडल्याबरोबर लेखी अर्ज द्या. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि तो किती वाजता मिळाला ते लिहून ठेवा. त्या वेळेला पुढे किती महत्त्व येतं ते खाली कळेल. बाबांची खाती दोन-तीन बँकांत असतील आणि नंबर एकच जोडलेला असेल, तर प्रत्येक बँकेला हे सांगावं लागेल.

आता शांतपणे बाबांजवळ बसा आणि काल काय काय झालं ते क्रमाने विचारा. रागावून विचारलंत तर अर्धं सांगतील. लाजेपोटी माणसं नेमकी ती एक गोष्ट लपवतात, जी आम्हाला सगळ्यात आधी कळायला हवी असते. मला दोन उत्तरं हवी आहेत: ॲप कुठून आलं, आणि दहा रुपये कशाने भरले.

ॲप प्ले स्टोअरवरून घेतलं असेल आणि त्यात आकडी कोड आला असेल, जो त्यांनी समोरच्याला वाचून दाखवला, तर ते स्क्रीन दुसरीकडे दाखवणारं ॲप होतं. ॲनीडेस्क, टीमव्ह्यूअर क्विकसपोर्ट यांसारखं काहीतरी. ही ॲप स्वतः खोटी नाहीत, संगणक दुरुस्त करणारे लोक रोज वापरतात. पण त्या वेळात बाबांच्या पडद्यावर जे दिसलं ते सगळं समोरच्यालाही दिसलं: कार्डाचा नंबर, पासवर्ड टाइप करताना उमटणारी अक्षरं, वरून सरकत येणारा ओटीपीचा मेसेज. बऱ्याच बँकांची ॲप पिनचा पडदा झाकून टाकतात, पण ब्राउझरमध्ये उघडलेल्या साध्या पानाला असं संरक्षण नसतं. म्हणून तर तो ‘आमच्या लिंकवरच भरा’ असं म्हणतो. हे ॲप तुम्ही काढलंत तेव्हा त्याचं बघणं थांबलं. तोवर बघितलेलं मात्र त्याच्याकडे राहिलं.

ॲप व्हॉट्सॲपवरून किंवा लिंकवरून आलं असेल, फाइलच्या नावाच्या शेवटी .apk असेल आणि बसवताना फोनने ‘अनोळखी स्रोत’ असा इशारा दिला असेल, तर प्रकरण जास्त गंभीर आहे. असं ॲप उघडताच मेसेज वाचण्याची आणि पाठवण्याची परवानगी मागतं. बाबांनी ‘अलाऊ’ दाबलं असेल, तर येणारा प्रत्येक एसएमएस गुपचूप दुसरीकडे जाऊ लागतो. कॉल चालू असण्याची, स्क्रीन दाखवण्याची गरज उरत नाही. बाबा झोपलेले असताना ओटीपी मागवायचा, तो आपोआप मिळतो. आणि एक ॲप दिसतं तिथे पुष्कळदा दोन असतात. पहिलं दुसऱ्याला आत आणतं, दुसऱ्याचं चिन्ह पडद्यावर नसतं किंवा नाव ‘सिस्टीम अपडेट’सारखं काहीतरी असतं. तुम्ही काढलेलं ॲप नक्की कोणतं होतं, हे म्हणूनच महत्त्वाचं.

दहा रुपयांचंही तसंच. बाबांनी नेहमीच्या यूपीआय ॲपमधून स्वतः रक्कम टाकून एखाद्या आयडीला पाठवले असतील, तर नुकसान बहुधा त्या दहा रुपयांपुरतं आहे. फक्त ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत नवी परवानगी तयार झालेली नाही ना ते बघून घ्या. आणि यूपीआयचा पिन दुसऱ्या फोनवरून बदला. पण त्यांनी लिंकवर उघडलेल्या पानावर कार्डाचा नंबर, मुदत संपण्याचा महिना-वर्ष, मागचे तीन आकडे किंवा नेट बँकिंगचं नाव आणि पासवर्ड भरला असेल, तर ते पान पैसे घेण्यासाठी नव्हतंच, माहिती गोळा करण्यासाठी होतं. काही वेळा ते शेवटी ‘पेमेंट फेल’ असं दाखवतं आणि दुसरं कार्ड वापरून बघा म्हणतं. म्हणजे दुसरं कार्डही हाती लागलं.

या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते आमच्याकडच्या एका तक्रारीवरून सांगते. एका निवृत्त शिक्षिकेला अगदी हाच मेसेज आला होता. व्हॉट्सॲपवर आलेली फाइल त्यांनी बसवली, लिंकवरच्या पानावर डेबिट कार्डाची माहिती भरून दहा रुपये दिले आणि ‘तुमची केवायसी पूर्ण झाली’ असं ऐकून निर्धास्त झाल्या. खात्यातून काही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या नंबरवरून एक एसएमएस बाहेर गेला, जो त्यांनी पाठवलाच नव्हता.

यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना ते आधी त्या फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं आणि त्यावरून नंबर कोणाचा ते ओळखतं. इथे भामट्याने आपल्या फोनवर यूपीआय ॲप उघडलं, तो ओळखीचा मजकूर शिक्षिकेच्या फोनमधल्या ॲपकडे पाठवला आणि तो मेसेज त्यांच्याच सिमवरून बाहेर गेला. यंत्रणेला वाटलं, बाईंनीच नवीन फोन घेतला आहे. पुढे नवा यूपीआय पिन बनवायला डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत संपण्याचा महिना-वर्ष आणि ओटीपी लागतो. काही बँका त्यासोबत एटीएमचा पिनही विचारतात. आकडे आणि मुदत आदल्या दिवशी दहा रुपयांच्या पानावर मिळाली होती. एटीएमचा पिनही त्या पानाने ‘पडताळणीसाठी’ मागून घेतला होता. ओटीपी ॲपने वळवून दिला. त्यानंतर पैसे यूपीआयने गेले, बँकेच्या दृष्टीने बरोबर पिन टाकून. बाईंच्या फोनवर पैसे कापल्याचे मेसेज दिसलेही नाहीत, कारण ॲप ते लपवत होतं. त्यांना कळलं ते पासबुक भरायला गेल्यावर.

या साखळीतला एक दुवा जरी आदल्या संध्याकाळी तुटला असता तरी पैसे वाचले असते. कार्ड ब्लॉक केलं असतं तर पिन बनला नसता. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं असतं तर एसएमएस बाहेर गेला नसता. म्हणून मी तुम्हाला सिम आणि कार्ड सगळ्यात आधी सांगितलं, आणि ॲप काढणं पुरेसं का म्हणत नाही तेही आता लक्षात आलं असेल.

कॉलवर ओटीपी वाचून दाखवला असेल तर तो मेसेज शोधून नीट वाचा. कार्डाच्या व्यवहाराच्या ओटीपीत रक्कम आणि दुकानाचं नाव बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. दहा रुपयांसाठी म्हणून वाचून दाखवलेल्या ओटीपीत ४९,००० लिहिलेलं मी पाहिलं आहे. समोरचा ‘फक्त शेवटचे सहा आकडे वाचा’ असं घाई करून म्हणतो, ते वरची ओळ वाचली जाऊ नये म्हणून.

आणखी दोन गोष्टी विचारा. सिमकार्डावर छापलेला ८९९१ ने सुरू होणारा लांब नंबर दिला का, किंवा ‘हा मेसेज कंपनीच्या नंबरवर फॉरवर्ड करा’ असं काही करायला लावलं का? तसं असेल तर तो बाबांचा नंबर आपल्याकडच्या सिमवर किंवा ई-सिमवर घेण्याच्या प्रयत्नात असू शकतो. याची खूण एकच: बाबांच्या सिमचं नेटवर्क अचानक पूर्ण जातं आणि परत येत नाही. तसं दिसलं तर नेटवर्कची वाट बघू नका, दुसऱ्या फोनवरून कंपनीला कळवून नंबर बंद करून घ्या. दुसरी गोष्ट, चांदणी आणि आकड्यांचा एखादा कोड डायल करायला सांगितला का? ती कॉल दुसरीकडे वळवण्याची युक्ती असते, म्हणजे फोनवरून सांगितला जाणारा ओटीपी त्याच्याकडे जातो. सिम स्वच्छ फोनमध्ये असताना पहिला कोड डायल करून कॉल वळवलेले आहेत का ते बघा, दुसऱ्याने ते रद्द करा:

```
*#21#
##002#
```

आता १९३०. हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा देशभराचा क्रमांक आहे. ‘दहा रुपयांसाठी काय तक्रार करायची’ असं मनात येईल, पण करा. तिथे बँकेचं नाव, खाते क्रमांक, व्यवहाराची तारीख, रक्कम, यूपीआयने दिले असतील तर १२ आकडी व्यवहार क्रमांक आणि भामट्याचा फोन नंबर विचारतात. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला सूचना जाते आणि तिथे शिल्लक असेल तेवढी रक्कम अडवली जाते. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात मिनिटामिनिटाला फिरवले जातात, म्हणून मोठी रक्कम गेली असेल तर पहिल्या तासातली तक्रार आणि दुसऱ्या दिवशीची तक्रार यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. अडवलेली रक्कमही लगेच परत मिळत नाही. बहुधा न्यायालयाचा आदेश लागतो, वेळ जातो. लाइन लागत नसेल तर cybercrime.gov.in वर स्वतः नोंदवता येते. पैसे न जाता नुसता मेसेज किंवा कॉल आला असेल तर त्याची जागा वेगळी: दूरसंचार विभागाच्या sancharsaathi.gov.in वरचं ‘चक्षू’.

वेळ लिहून ठेवा म्हटलं त्याचं कारण रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक. ग्राहकाची चूक नसताना पैसे गेले आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काही भार येत नाही, हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते मात्र बँकेचं. बाबांनी माहिती स्वतः दिली आहे, त्यामुळे बँक पहिल्या भागावर बोट ठेवेल. पण आज तक्रार क्रमांक हातात असेल आणि उद्या पैसे गेले, तर तो भार बँकेवर येतो. मोठी रक्कम गेलेली नसताना तक्रार आत्ताच का करायची, याचं हे सगळ्यात ठोस उत्तर आहे.

एवढं झालं की मग फोनकडे वळा. काही पुसण्याआधी मेसेज, कॉलची नोंद, व्हॉट्सॲपवरचं संभाषण आणि ती फाइल यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढा, पोलिसांना लागतील. त्यानंतर सेटिंगमधली ॲपची संपूर्ण यादी उघडा आणि अनोळखी नावं शोधा. ॲक्सेसिबिलिटी, डिव्हाइस ॲडमिन, नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी आणि मेसेजसाठीचं मुख्य ॲप, या चार जागी कोण बसलं आहे ते बघा. एखादं ॲप ‘अनइन्स्टॉल’ होत नसेल तर त्याला डिव्हाइस ॲडमिनचा अधिकार मिळालेला असतो. तो आधी काढा, मग ॲप निघतं. पण बाहेरची .apk फाइल बसवली होती हे नक्की असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: फोटो आणि संपर्क दुसरीकडे घ्या आणि फोन फॅक्टरी रीसेट करा. ॲप जुन्या बॅकअपमधून परत आणू नका, प्ले स्टोअरवरून नव्याने घ्या. प्ले स्टोअरवरचं स्क्रीन दाखवणारं ॲप होतं आणि दुसरं काही बसवलं नव्हतं, तर एवढं करायची गरज नाही. पासवर्ड दोन्ही बाबतींत बदलायचे, आणि ते स्वच्छ फोनवरून. व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अनोळखी संगणक जोडलेला नाही ना, तेही बघा.

पुढच्या काही दिवसांत बाबांना आणखी एक फोन येण्याची शक्यता आहे. ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे दहा रुपये परत करायचे आहेत’ किंवा ‘बँकेतून बोलतोय, काल तुमच्या खात्यात गडबड झाली’. एकदा प्रतिसाद दिलेला नंबर या लोकांच्या यादीत वर जातो आणि दुसऱ्या माणसाला कालची सगळी हकिगत माहीत असल्याने तो खरा वाटतो. पैसे परत मिळवण्यासाठी कोणताही खरा अधिकारी लिंक, ॲप किंवा शुल्क मागत नाही. हे बाबांना आजच सांगून ठेवा.

राहिलं सिम. त्या मेसेजमुळे ते बंद होणार नाही. सिमची केवायसी कार्ड घेताना होते, बँकेसारखी ठराविक वर्षांनी पुन्हा करण्याची पद्धत तिथे नाही. पुन्हा पडताळणीची वेळ क्वचित येते, उदाहरणार्थ एकाच माणसाच्या नावावर नऊपेक्षा जास्त सिम निघाली तर (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडच्या राज्यांत ही मर्यादा सहा आहे). दूरसंचार विभागाच्या डिसेंबर २०२१ च्या आदेशानुसार अशा वेळीही आधी जाणारे कॉल, मग येणारे कॉल आणि शेवटी सिम, असं काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने बंद होतं. चोवीस तासांची तलवार तिथे कुठेच नाही. पडताळणी कंपनीच्या दुकानात किंवा तिच्या स्वतःच्या ॲपवर होते, एखाद्या माणसाच्या मोबाइल नंबरवर फोन करून नाही. ‘ट्रायमधून बोलतोय, नंबर बंद करतोय’ असा फोन आला तर तोही खोटाच. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था कोणाचे नंबर बंद करत नाही.

मेसेज परत उघडून पाठवणारा कोण ते बघा. कंपन्यांचे मेसेज दहा आकडी नंबरवरून येत नाहीत. तिथे इंग्रजी अक्षरांचं नाव असतं आणि २०२५ पासून त्याच्या शेवटी S, T, P किंवा G असं एक अक्षर जोडलेलं असतं. तरी नुसत्या नावावर विसंबू नका, अशी नावंही वापरून फसवणूक झालेली आहे. माझ्या मते जास्त भरवशाची खूण मेसेजच्या आत असते: परत फोन करण्यासाठी दिलेला साधा मोबाइल नंबर.

मनात शंका राहत असेल तर सिम स्वच्छ फोनमध्ये असताना १९८ लावा. तो त्याच कंपनीच्या तक्रार केंद्रात लागतो, तिथे केवायसीची स्थिती विचारा. आणि बाबांनी कालच्या कॉलमध्ये आधार कार्डाचा किंवा स्वतःचा फोटो पाठवला असेल, तर संचार साथीवर ‘नो मोबाइल कनेक्शन्स इन युअर नेम’मध्ये त्यांचा नंबर आणि ओटीपी टाकून त्यांच्या नावावर किती सिम आहेत ते बघा. यादीत अनोळखी नंबर दिसला तर तिथेच ‘हा माझा नंबर नाही’ हा पर्याय निवडता येतो. आज यादी स्वच्छ असली तरी महिन्याभराने पुन्हा एकदा बघा, कारण कागद हातात आल्यावर सिम त्याच दिवशी काढलं जाईल असं नसतं.